फाशाच्या १२० फेकी, वहीच्या पानाचा फोटो आणि सहाचं दान जरा जास्तच: फासा खोटा की योगायोग?

धरमपेठची_मेघा

नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावीत गेली. सुट्टीत सरांनी उपक्रम दिला होता: फासा १२० वेळा टाका, ताळ्याच्या खुणा करा आणि प्रत्येक बाजूची वारंवारता संभाव्यतेशी ताडून बघा. नागपूरच्या महाल भागात आजीकडे बसून तिनं आणि मामेभावानं हे सगळं केलं. लुडोच्या डब्यातला फासा, तो टाकायचा आणि ही खुणा करायची. वही शाळेत जमा झाली, माझ्याकडे उरलाय तो मोबाईलवर काढलेला पानाचा फोटो. तोही धड नाही, कूलरच्या वाऱ्यानं पानाचा कोपरा उडालाय.

फोटोवरून मी मोजलं ते असं:

एक – १३
दोन – १९
तीन – १८
चार – २१
पाच – २०
सहा – ३१

संभाव्यतेप्रमाणे प्रत्येकी २० यायला हवेत. सरांनी लाल पेनानं "सहा इतके कसे? पुन्हा तपास" असा शेरा मारला आहे. पोरगी हिरमुसली, म्हणते मी एकही खूण मनानं केली नाही. फासा खोटा असू शकतो का? की असं होतंच?

ठेचा_भाकर

ताई, फासा गेला उडत, आधी बेरीज तं करा. १३, १९, १८, २१, २०, ३१. एकशे बावीस होऊन राहिले ना बाप्पा! पोट्ट्यांनी दोन दानं फुकट टाकली का?

इतवारी_गल्ली

बेरजेत दोन इकडेतिकडे झाले तरी काय फरक पडतो? मुद्दा सहाचा आहे. मी अभियांत्रिकीला हे शिकलोय. १२० फेकींत सहा सरासरी २० वेळा यावा, प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या मागेपुढे होणारा नेहमीचा चढउतार, साधारण ४.१ येतं. म्हणजे ३१ हा अडीच विचलनांपेक्षाही लांब. असं शंभरात एखाद्या वेळीच होतं. फासा खोटा आहे, विषय संपला. सीताबर्डीवर रस्त्यावर मिळणारे फासे असेच असतात.

जुना_सांख्यिक

विषय आत्ता कुठे सुरू झालाय, गल्लीदादा. तुमचं विचलन बरोबर आहे, निकालाची घाई झाली. त्यावर मागाहून येतो.

मेघाताई, पहिलं काम फोटोचं. ठेचा-भाकर यांनी गंमतीत सांगितलं, पण नेमकं तेच आधी बघायचं असतं. १२० हा आकडा आला कुठून? सरांनी १२० सांगितले म्हणून वर लिहिला असेल तर तो नुसता आदेश झाला, मोजणी नव्हे. मग खऱ्या फेकी १२२ असू शकतात. फेकी कोणी वेगळ्या मोजल्या असतील तरच दोन खुणा जास्त आहेत असं म्हणता येईल. हे लेकीला विचारा.

मग फोटो मोठा करून प्रत्येक ओळीत दोन गोष्टी बघा. पाचची प्रत्येक जुडी खरंच पाचची आहे का? चार उभ्या रेघा आणि एक तिरकी. घाईत तीन उभ्या मारून तिरकी ओढली जाते आणि मोजणारा डोळे झाकून "पाच" म्हणतो. दुसरं, ओळीच्या शेवटच्या सुट्या रेघा. फोटोत वहीच्या मागच्या पानाची शाई उमटून दिसते, तीही रेघेसारखीच.

रिकामटेकडी

एक बाळबोध शंका. सहा जास्त आणि एक कमी पडलेत, तर अजून शंभर फेकी केल्या की एक भरून येतील ना? त्याचं देणं बाकी आहे म्हणायचं.

जुना_सांख्यिक

फाशाला उधारी कळत नाही हो! पुढच्या शंभरात एक साधारण सोळा-सतरा वेळाच येईल, आधी कितीही कमी पडलेला असो. सात एककांची तूट जागच्या जागी राहील. फेकी हजारावर गेल्या की ती सात हजाराच्या मानानं नगण्य दिसेल, इतकंच. तूट भरून निघते असं नाही, ती पातळ होते.

धरमपेठची_मेघा

लेकीला विचारलं. मामेभाऊ हुशार निघाला. आजीच्या डब्यातले १२० चिंचोके मोजून घेतले होते आणि दर फेकीला एक चिंचोका बाजूला टाकत होता. चिंचोके संपले तेव्हा थांबले. म्हणजे १२० खरे.

फोटो लॅपटॉपवर मोठा केला. चारच्या ओळीत तिसऱ्या जुडीत खरंच तीनच उभ्या रेघा आहेत, वर तिरकी. मी ती पाच धरली होती. म्हणजे चार वीस झाले. सहाच्या ओळीत सहा जुड्या पूर्ण आहेत आणि पुढे एक फिकट रेघ आहे. ती मी एकतिसावी धरली. आता बघते तर ती इतरांपेक्षा फिकी आहे आणि पानावर रिकाम्या जागेतही तशाच फिकट रेघा दिसतात.

जुना_सांख्यिक

त्या रिकाम्या जागेतल्या फिकट रेघांत एखादी जुडी दिसते का बघा. दिसली तर तिची तिरकी रेघ कुठे झुकते? लेक वरून उजवीकडून खाली डावीकडे ओढत असेल, तर मागच्या पानाची उलटी झुकलेली दिसेल, आरशातल्यासारखी. फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवा. पुढच्या पानाची शाई गडद होईल, मागची राखाडीच राहील.

धरमपेठची_मेघा

हो! उलटीच झुकलेली आहे. मागच्या पानावर भूमितीचे काहीतरी आहे असं लेक म्हणते, पण तिथेही एक ताळ्याचा तक्ता होता म्हणे, सरावाचा. म्हणजे सहा – ३०. आता बेरीज: १३, १९, १८, २०, २०, ३०. एकशे वीस बरोबर.

ठेचा_भाकर

म्हंजे मी एकट्यानं बेरीज करून दोन चोर पकडले. चहा पाजा ताई, धरमपेठेत येतोच आहे.

जुना_सांख्यिक

चहा तुमचा हक्काचा. पण एक सावधगिरी. बेरीज १२० आली म्हणून वाचन बरोबर, असं शंभर टक्के म्हणता येत नाही. दुसऱ्या कुठल्या दोन रेघा चुकीच्या धरून आणि या दोन तशाच ठेवूनही १२० येईल. तुम्ही ज्या दोन वगळल्या त्यांना फोटोतच स्वतंत्र पुरावा आहे, एकीत चौथी उभी रेघ नाही आणि दुसरीत फिकटपणा आहे, म्हणून मी त्या मान्य करतो. केवळ बेरीज जुळवायला सहामधून एक काढली असती तर मी हरकत घेतली असती.

आता तुलना. प्रत्येक बाजूची तफावत घ्या: उणे ७, उणे १, उणे २, शून्य, शून्य, अधिक १०. नुसती बेरीज केली तर ती शून्यच येणार, म्हणून प्रत्येकीचा वर्ग करायचा: ४९, १, ४, ०, ०, १००. एकूण १५४. याला अपेक्षित २० नं भागा, ७.७ आले. ही काय-वर्ग किंमत. सहा बाजू आहेत आणि एकूण ठरलेली आहे, त्यामुळे मोकळे आकडे पाच. पाचसाठी साधारण मानली जाणारी रेषा ११.०७ ची आहे. तिच्या वर गेलं तर फाशावर संशय घ्यायचा. तुमचे ७.७ तिच्या बऱ्याच खाली आहेत. चोख फासा घेऊन १२० फेकींचे शंभर संच केले, तर सतरा-एक संचांत इतकी किंवा याहून मोठी तफावत दिसेल.

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत येतं:

```
=CHISQ.DIST.RT(7.7,5)
```

०.१७ च्या आसपास उत्तर दिसेल. गंमत म्हणजे तुमचं जुनं १२२ चं वाचन धरलं, तरी किंमत ८.६ च येते. म्हणजे फोटोतल्या त्या दोन रेघांवर निकाल अवलंबून नाही. असं दोन्ही वाचनांनी करून बघणं चांगलं, कारण फोटोतली एखादी रेघ कायम संशयितच राहते.

इतवारी_गल्ली

मी एक्सेलमध्ये टक्के टाकून केलं, १०.८, १५.८, १५, १६.७, १६.७, २५, आणि अपेक्षित सगळीकडे १६.७. मला ६.४ आले. तुमचं ७.७ कसं?

जुना_सांख्यिक

टक्के टाकलेत की सूत्राला वाटतं एकूण फेकी १०० च होत्या. ७.७ चे शंभर-एकशेविसांश केले की ६.४. या हिशेबाला मोजलेली संख्याच द्यावी लागते. हजार फेकींत २५ टक्के सहा पडले असते, तरी तुमच्या पद्धतीनं तेच ६.४ आले असते, आणि तेव्हा तर फासा उघड उघड खोटा ठरायला हवा होता.

इतवारी_गल्ली

ठीक आहे, टक्क्यांचं मान्य. पण सहाचं काय? ३० म्हणजे अजूनही २.४५ विचलनं. एकट्या सहाकडे बघितलं तर शंभरात एकदा-दीडदा होणारी गोष्ट. तुमची काय-वर्ग चाचणी बाकीच्या पाच बाजूंच्या गर्दीत सहाला लपवते.

जुना_सांख्यिक

हा मुद्दा चांगला आहे आणि अर्धा बरोबर आहे. चोख फाशावर एखादी आधी ठरवलेली बाजू ३० किंवा जास्त वेळा येण्याची शक्यता सव्वा टक्क्याच्या आसपास, हे खरं. पण सहा हे तुम्ही कधी ठरवलंत? फोटो बघितल्यावर. चार ३० वेळा आला असता तर तुम्ही "चारचं काय?" विचारलं असतं. सहांपैकी कुठलीतरी एक बाजू तिशीला पोचण्याची शक्यता सुमारे सात-आठ टक्के निघते. म्हणजे तेरा-चौदा मुलांनी प्रामाणिकपणे हा उपक्रम केला तर एकाच्या वहीत असं काहीतरी दिसणारच. चाळीस मुलांच्या वर्गात तिघांच्या.

गणिताच्या_बाई

हा धागा मैत्रिणीनं पाठवला म्हणून लिहिते. मी वर्षानुवर्षं हाच उपक्रम तपासते आणि मला संशय येतो तो मेघाताईंच्या लेकीच्या वहीवर नाही. निम्म्या वह्यांत २०, २१, २०, १९, २०, २० असं असतं. ते मुलांनी गच्चीवर बसून मनानं भरलेलं. खुणांचा फोटो बघितला तरी कळतं: सगळ्या जुड्या एकाच दाबानं, एकाच उंचीच्या, ओळीनं एकामागून एक काढलेल्या. खरं दान टाकताना आधी तीनच्या ओळीत, मग सहाच्या, मग परत तीनच्या असं लिहावं लागतं. पेन मध्येच सुकतो, रेघा पुढे-मागे होतात, ओळी वेगवेगळ्या वेगानं वाढतात.

सरांनी सहाला लाल शेरा मारला, पण सगळ्या वीस-वीसवाल्यांना बरोबरची खूण दिली असेल, मी पैजेनं सांगते.

जुना_सांख्यिक

बाई, तुम्ही मनातलं बोललात. २०, २१, २०, १९, २०, २० याची काय-वर्ग किंमत ०.१ येते. चोख फाशावर इतकी किंवा याहून कमी तफावत दहा हजार संचांत चारेक वेळाच दिसते. बरोबर सहाही वीस-वीस यायची शक्यता तर सत्तर-पंचाहत्तर हजारांत एक. चाचणीला दोन टोकं आहेत, लोक एकाच टोकाकडे बघतात. तफावत फार असली तर फाशावर संशय, फारच कमी असली तर वहीवर.

ठेचा_भाकर

म्हंजे आमच्या काळात मी सगळ्यांचे सारखे भरले होते त्याला मास्तरनं पैकीच्या पैकी काहून दिले, ते आत्ता समजलं.

सहाची_वाट

इथे फाशांचे तज्ज्ञ आहेत म्हणून विचारतो. मी मोबाईलवर लुडो खेळतो. मला सोंगटी बाहेर काढायला सहा लागतो तेव्हा पंधरा-पंधरा वेळा येत नाही, समोरच्याला लगेच येतो. शंभर टक्के फसवणूक आहे. कसं सिद्ध करू?

जुना_सांख्यिक

सलग पंधरा दानांत सहा न येण्याची शक्यता साडेसहा टक्के आहे. रोज खेळत असाल तर महिन्यात दोनदा होणार. समोरच्याचे न आलेले सहा तुम्हाला आठवत नाहीत, स्वतःचे आठवतात. खेळायला बसण्याआधी ठरवा की अमुक इतकी दानं लिहायची, दोघांचीही, आणि एकही वगळायचं नाही. राग येऊन मोबाईल ठेवून दिला की जी दानं लिहायची राहतात, नेमकी त्यांच्यानंच हिशेब बिघडतो. फसवणूक आहे की नाही ते तुमची यादी बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

सहाची_वाट

पंधरा मी अंदाजे म्हटलं. वीसही असतील.

रिकामटेकडी

मग फासा चोख आहे असं धरून चालायचं का? सात-आठ टक्के म्हणजे फारसं कमीही नाही नि जास्तही नाही. मला ते मध्येच लटकल्यासारखं वाटतंय.

जुना_सांख्यिक

लटकलेलंच आहे. १२० फेकींत चोख फाशाची एखादी बाजू १२ पासून २८ पर्यंत कुठेही हिंडते. एवढ्या मोठ्या पट्ट्यात लहानसा दोष सहज लपतो. चाचणीनं फासा चोख आहे असं सांगितलेलं नाही, खोटा ठरवायला पुरावा पुरेसा नाही एवढंच सांगितलंय.

आणि सहाकडे बोट दाखवायला एक जुनं कारणही आहे, ते गल्लीदादांच्या बाजूचं आहे म्हणून मीच सांगतो. स्वस्त फाशाचे ठिपके खोदलेले असतात. सहाच्या बाजूला सहा खड्डे आणि समोर एकच. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते ना, म्हणून सहाच्या पाठीला नेहमी एक. सहाची बाजू किंचित हलकी, म्हणून ती वर राहते. इंग्लंडात प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी १२ फासे २६,३०६ वेळा टाकले आणि पाच किंवा सहा किती आले ते मोजलं. १८९४ साली त्यांनी ते आकडे संख्याशास्त्रज्ञ गॉल्टन यांना पत्रानं कळवले. एकूण ३,१५,६७२ फासे, तिसरा हिस्सा १,०५,२२४. आले १,०६,६०२. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली काय-वर्ग चाचणी मांडली, तेव्हा याच आकड्यांवर ती चालवून दाखवली, आणि फासे चोख नाहीत असा निकाल निघाला.

पण तफावत किती ते बघा. ३३.३३ टक्क्यांच्या जागी ३३.७७. अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मेघाताईंच्या फोटोत सहा १६.७ ऐवजी २५ टक्के आहे. ठिपक्यांच्या खड्ड्यांनी एवढी मोठी उडी येत नाही. खड्ड्यांचा परिणाम पकडायला एका बाजूसाठी लाखभर फेकी लागतात, १२० नव्हे.

इतवारी_गल्ली

म्हणजे सहा हे मी फोटो बघून निवडलं नाही, त्याला १८९४ पासूनचा आधार आहे. माझं सव्वा टक्काच धरा.

जुना_सांख्यिक

वेल्डनचं नाव तुम्ही फोटो बघण्याआधी घेतलं असतंत तर धरलं असतं.

गणिताच्या_बाई

वेल्डनचा प्रयोग अलीकडे पुन्हा झाला ना? यंत्रानं फासे हलवून आणि कॅमेऱ्यानं फोटो काढून?

जुना_सांख्यिक

हो, २००९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या झकराया लॅबी यांनी. तेवढेच १२ फासे, तेवढ्याच २६,३०६ फेकी, आणि ठिपके संगणकानं फोटोवरून मोजलेले. त्यांच्याकडे सहा जास्त आले, पण त्याबरोबर एकाचं दानही जास्त आलं. फासे मापून बघितले तर एक आणि सहा यांच्यातलं अंतर बाकी दोन दिशांपेक्षा कमी निघालं. फासा किंचित चपटा होता, आणि चपटी वस्तू आपल्या रुंद बाजूवर जास्त पडते.

याचा मेघाताईंना थेट उपयोग आहे. आकार चपटा असेल तर एक आणि सहा दोन्ही वाढतात. वजनाचा दोष असेल तर सहा वाढतो आणि एक घटतो. फोटोत सहा अधिक १० आणि एक उणे ७ आहे. म्हणजे दोष असलाच तर तो वजनाचा असावा, आतली हवेची पोकळी वगैरे. "असलाच तर" हे मात्र जाड अक्षरात वाचा.

धरमपेठची_मेघा

तुमचं वाचून दोघांनी नवा संच केला, ३०० फेकी. या वेळी मी समोर बसले. वाटीत हलवून टाकायचा, पाटावर भिंतीला आपटून. वाकडा टेकला तर परत टाकायचा, पण हे टाकण्याआधीच ठरलेलं. दर पन्नास फेकींनंतर फोटो, आणि पान कोरं घेतलं, मागे काही नाही. बेरीज दर फोटोला पन्नास येत होती.

एक – ४४
दोन – ५१
तीन – ४७
चार – ५३
पाच – ४८
सहा – ५७

रिकामटेकडी

पुन्हा सहाच सगळ्यात जास्त आणि एकच सगळ्यात कमी! अंगावर काटा आला.

जुना_सांख्यिक

काटा खाली बसवा. ३०० मध्ये प्रत्येकी ५० अपेक्षित. तफावती उणे ६, १, उणे ३, ३, उणे २, ७. वर्गांची बेरीज १०८, भागिले ५०, म्हणजे २.१६. अगदी किरकोळ. एकट्या सहाचं बघायचं तर या वेळी ते रास्त आहे, कारण सहा हे आपण या फेकींच्या आधी ठरवलं होतं. विचलन ६.४५, तफावत ७. एका विचलनाहून जरा जास्त. सहा जणांतून एकाच्या वाट्याला सहज येणारी गोष्ट. पहिल्या संचात २५ टक्के होता तो १९ वर उतरलाय.

इतवारी_गल्ली

दोन्ही संच एकत्र करा. ४२० फेकी, सहा ८७, अपेक्षित ७०. विचलन ७.६. परत दोन विचलनांच्या पलीकडे गेलो. एक ५७, म्हणजे तेरानं कमी. दिशा दोन्ही वेळा तीच. हे नुसतं नशीब नाही.

जुना_सांख्यिक

पहिल्या संचानंच आपल्याला सहाकडे बघायला लावलं, आता तोच संच साक्षीला बोलावताय. तक्रारदारालाच पंच नेमल्यासारखं आहे ते.

गणिताच्या_बाई

मी इथे थोडी गल्लीदादांच्या बाजूनं आहे. फासा तोच, मग पहिल्या १२० फेकींची माहिती फेकून का द्यायची? त्यांचं वजन कमी धरा म्हणा, पण शून्य कसं धरणार? आणि एक खटकतं. पहिल्या वेळी मुलं सतरंजीवर टाकत होती की पाटावर? हातातून घरंगळत सोडला तर फासा ज्या बाजूनं धरलाय तिचा परिणाम राहतो. दोन संच एकाच पद्धतीचे नसतील तर एकत्र करण्याचा प्रश्नच वेगळा होतो.

धरमपेठची_मेघा

पहिल्या वेळी गादीवर. आणि हातातूनच.

जुना_सांख्यिक

मग बाईंचा दुसरा मुद्दा पहिल्याहून भारी. गादीवर हातातून सोडलेला फासा दोन-तीनदा लोळून बसतो. पोरगं दर वेळी सहा वर ठेवून सोडत असेल तर सहा वाढणार, आणि त्यात फाशाचा दोष काहीच नाही. फोटोत फक्त दान दिसतं, दान कसं टाकलं ते दिसत नाही.

बाईंचा पहिला मुद्दा, वजन किती धरायचं, यावर आमच्या धंद्यातले लोकही एकमेकांशी भांडतात. मी माझी बाजू धरून आहे.

ठेचा_भाकर

एवढं गणित करण्यापरीस फासा मिठाच्या पाण्यात सोडा ना. तरंगला आन् दर वेळी सहाच वर आला तं खोटा. आमचा आजा असाच पाहे.

धरमपेठची_मेघा

सोडला. आधी बुडाला, मीठ वाढवत गेले तेव्हा तरंगला. बोटानं फिरवून सोडला की कधी सहा वर, कधी चार आणि सहा यांच्यामधली कड वर. एक मात्र वर आला नाही. ठिपक्यांच्या खड्ड्यांत बुडबुडे चिकटत होते, ते काडीनं काढले.

इतवारी_गल्ली

बघा!

जुना_सांख्यिक

बघितलं. सहाची बाजू हलकी आहे, हे मी मानतो. पण पाण्यात फासा सावकाश फिरतो, तिथे केसाएवढा फरकही बाजू ठरवतो. पाटावर आपटल्यावर त्याच फरकाचं काही चालत नाही. हलकी आहे हे कळलं, दानात किती फरक पडतो हे नाही.

ते बघायचं असेल तर आता नियम आधी लिहून ठेवा. वाटीतून पाटावर, एक हजार नव्या फेकी, जुन्या कुठल्याच मिसळायच्या नाहीत. सहा १६७ च्या आसपास अपेक्षित. १९० च्या वर गेला तर मी गल्लीदादांचं म्हणणं मान्य करीन. सहा खरोखर वीस टक्के पडत असेल तर या नियमात तो पाचातून चार वेळा पकडला जाईल. अठरा टक्के असेल तर बहुधा निसटेल, आणि मग हजारानं भागणार नाही.

इतवारी_गल्ली

मान्य. पण १८५ आले तरी मी गप्प बसणार नाही.

धरमपेठची_मेघा

मुलं तयार आहेत, रोज शंभर करू म्हणतात. सरांना मात्र मी पहिल्या संचाचं ७.७ आणि ११.०७ लिहून, मोठा केलेला फोटो जोडून चिठ्ठी पाठवते आहे. बाई, त्यात तुमचं वीस-वीसवालं लिहू की नको?

गणिताच्या_बाई

लिहा. माझं नाव नका घालू.